माठ की मूग? सातवीच्या मुलाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन स्वस्त प्रयोग

प्रदर्शनाचं परिपत्रक आलं की घरोघरी पहिला विचार ज्वालामुखीचा होतो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. दुसरा विचार कोकमाचा: आमसुलाच्या लाल पाण्यात सोडा घातला की रंग पालटतो. दोन्ही बघायला छान आहेत, पण पुढे काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं. ते करून दाखवणं झालं, शोधणं नव्हे. बारा वर्षांच्या मुलाला खरा प्रश्न द्यायचा तर उत्तर काय येईल हे त्यालाही माहीत नसावं आणि तुम्हालाही. शिवाय उत्तर कसंही आलं तरी ते फलकावर लिहिता यावं. गोव्यात असे दोन प्रश्न अगदी हाताशी आहेत. माठातलं पाणी नक्की किती गार होतं? आणि किती खारट पाण्यापर्यंत मुगाला मोड येतात?

आधी माठ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सारख्या मापाची दोन छोटी मडकी आणायची. एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे, म्हणजे त्यातून पाणी झिरपणार नाही. दुसरं तसंच ठेवायचं आणि रात्रभर पाण्यात भिजवायचं. दोन्हींत एकाच बादलीतलं पाणी सारखं भरून सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवायचं आणि संध्याकाळी दोन्हींचं तापमान घ्यायचं. रंगवलेलं मडकं नुसतं हवेबरोबर तापतं-निवतं, त्यामुळे दोन आकड्यांतला फरक म्हणजे झिरपून उडालेल्या पाण्याचं काम. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण त्याची पट्टी 35 अंशांच्या आसपास सुरू होते. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर लागेल.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. अडचण येते ती आपल्या हवेची. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा ज्या आकड्यावर थांबतो, त्याच्या खाली माठ जाऊच शकत नाही. हवा 32 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर तो आकडा 24 च्या आसपास येतो, म्हणजे माठाला उतरायला आठ अंशांची जागा मिळते. पावसाळ्यात हवा 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असली की ओल्या फडक्याचा आकडा जेमतेम सव्वा अंशाने खाली जातो. माठ त्या आकड्यापर्यंतही क्वचितच पोचतो. ज्या थर्मामीटरवर एकेका अंशाच्या रेघा आहेत, त्यावर अर्ध्या अंशाचा फरक मूल वाचणार कसं? ते अंदाजाने काहीतरी लिहील, आणि मनात जे हवं असेल तेच लिहील. थंडीत, जमिनीकडून कोरडा वारा येतो त्या दिवसांत, हाच प्रयोग फार सुंदर होतो. मग प्रश्नही धारदार करता येतो: ओल्या फडक्याच्या आकड्याच्या किती जवळ माठ जातो? जुलैत मात्र मी हा प्रयोग कुणाला सुचवणार नाही.

मुगाच्या प्रयोगात मापाचं यंत्रच लागत नाही, कारण मोजायचे असतात दाणे. तीस दाण्यांपैकी किती उगवले हे मूल बोटाने मोजतं आणि त्यात अंदाजाला फारशी जागा राहत नाही. गोव्याच्या उबेत साध्या पाण्यातल्या मुगाला दोनेक दिवसांत मोड येतात, म्हणून एखादा प्रयत्न फसला तरी पुन्हा करायला वेळ उरतो. माठ दिवसाला एकच आकडा देतो आणि तो त्या दिवसाच्या हवेवर अवलंबून असतो.

खारट पाणी असं करायचं. वाण्याकडून 20 ग्रॅम मीठ तोलून घ्यायचं आणि ते विरघळवून पाणी एक लिटर करायचं. त्यातलं एक पेला घेऊन त्यात एक पेला साधं पाणी मिसळलं की 10 ग्रॅमचं पाणी तयार. पुन्हा निम्मं केलं की 5, आणखी एकदा की अडीच. तोलणं एकदाच होतं, पुढे फक्त पेला लागतो. बारीक मीठ घ्यावं, कारण मिठागरातलं खडे मीठ हवेतला ओलावा धरतं आणि वजन फसवं येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे मुलाला लगेच ताडता येतं की आपलं सगळ्यात खारट पाणी समुद्राच्या निम्म्याहून थोडं जास्त आहे.

साध्या पाण्यासह पाच प्रकारची पाणी झाली. प्रत्येकाच्या तीन ताटल्या करायच्या. ताटलीत सुती फडक्याच्या दोन घड्या, वर तीस मूग आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून सारखं पाणी. फडकं ओलं दिसावं, पण दाणे बुडू नयेत. ताटल्या झाकायच्याच. उघड्या राहिल्या तर पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि 5 ग्रॅमची ताटली नकळत 8 ग्रॅमची होते. तरीही फडकं सुकलं तर वरून साधं पाणी घालायचं, खारट नाही.

‘उगवला’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवून वहीत लिहावं. खारट पाण्यातही मूग फुगतो, साल फाटते, आणि उत्साही मूल त्याला उगवलेला धरतं. मूळ 2 मिलिमीटर बाहेर आलं तरच मोजायचं. आणि गणंग निवडून काढायचे नाहीत. साध्या पाण्याच्या ताटलीत जे दाणे टणक राहतात, ते सगळ्याच ताटल्यांत असणार. तो मुगाचा गुण आहे, मिठाचा परिणाम नाही.

तीन-तीन ताटल्या कशाला, हे मुलाला आकड्यांतूनच पटतं. समजा साध्या पाण्याच्या तीन ताटल्यांत 27, 29 आणि 28 दाणे उगवले, आणि अडीच ग्रॅमच्या तीनांत 26, 28, 28. अडीच ग्रॅमने नुकसान झालं का? सांगता येत नाही. एकाच पाण्याच्या ताटल्या आपसांत दोन दाण्यांनी वेगळ्या पडतात, मग तेवढा फरक मिठाच्या नावावर कसा टाकणार? 10 ग्रॅमला 19, 16, 20 आले तर मात्र शंका उरत नाही. ‘अडीच ग्रॅमला फरक दिसला नाही’ हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरांत यायला हवं. परीक्षकांनी खोदून विचारलं तर मूल तिथे ठाम उभं राहू शकतं. फरक तपासायचाच असेल तर मुळं दोऱ्याने मापावीत. मोड येण्याचं प्रमाण तेवढंच राहूनही मुळं आखूड राहिलेली सापडू शकतात.

या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. मीठ दाण्याला पाणी ओढू देत नाही म्हणून मोड थांबतो की मीठच त्याला बाधतं, हे यातून कळत नाही. साखरेचं पाणी घेऊन ते पडताळता येतं, पण पाणी तितकंच अडवायला साखर मिठाच्या जवळजवळ बारापट लागते आणि त्या ताटल्यांना लगेच बुरशी धरते. सातवीत त्यात न शिरलेलं बरं.

पावसाळ्यात प्रदर्शन असेल तर मूग घ्या. डिसेंबर-जानेवारीत असेल आणि थर्मामीटर मिळत असेल तर माठाचा विचार जरूर करा. तेव्हाही मूल मोजण्यात चोख आणि वाट बघण्यात कच्चं असेल तर मूगच बरा.

ज्यांच्या ओळखीत कुणाची खाजन शेती आहे, त्यांनी एक पाऊल पुढे जावं. बांध फुटला की खाडीचं पाणी शेतात शिरतं, म्हणून तिथे खारेपणा सोसणारं कोरगुट भात पिढ्यान्‌पिढ्या लावत आले. मूठभर कोरगुट आणि मूठभर दुसरं भात याच पाच पाण्यांत शेजारी शेजारी ठेवावं. भाताला मुगापेक्षा जास्त दिवस लागतात, तेव्हा आठवडाभर धरून चाला. आणि मुख्य प्रयोगाआधी दोन्ही बियाणी साध्या पाण्यात रुजवून बघा. एकाचं बी जुनं निघालं तर जो फरक दिसेल तो वाणाचा नसेल, बियाण्याच्या वयाचा असेल.