बीईटी की संयुक्त नेटची जेआरएफ : दोन्ही हातात असताना मी काय केले

जीवशास्त्राच्या एम.एस्सी.नंतर ज्यांच्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाच्या बीईटी परीक्षेतून मिळणाऱ्या फेलोशिपचे, म्हणजे प्रवर्ग १ चे पत्र आणि सीएसआयआर-यूजीसी संयुक्त नेटमधील यूजीसीच्या जेआरएफचे पत्र अशी दोन्ही पत्रे येतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. २०१९ मध्ये माझ्यापुढे हाच प्रश्न होता. तेव्हा दोन्हीकडे दरमहा रक्कम ३१,००० रुपये होती, पुढे २०२३ च्या जानेवारीपासून दोन्हीकडे ती ३७,००० झाली. त्यामुळे रकमेवरून निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. बीईटीच्या प्रवर्ग २ मध्ये ज्यांचे नाव आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालणारा प्रकल्प आणि तुम्हाला निवडणारा मार्गदर्शक मिळाल्याशिवाय त्या यादीचा उपयोग होत नाही.

परीक्षांबद्दल फार सांगत नाही. एवढे मात्र नोंदवायला हवे, की संयुक्त नेटच्या जेआरएफबरोबर सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, बीईटीमुळे ती मिळत नाही. आपल्याकडील सेटचे बरोबर उलटे आहे : पात्रता मिळते, पण फेलोशिपचा एक रुपयाही मिळत नाही. माझ्या वर्गातील दोघांनी बीईटीवर संशोधन सुरू केले आणि तिसऱ्या वर्षी प्रबंधाच्या धामधुमीत सेटचा अभ्यास केला. ती दमछाक मी जवळून पाहिली आहे.

आता पैशाकडे वळू. कॉन्टिन्जन्सीच्या बाबतीत बीईटी उजवी आहे, हे मान्य करायलाच हवे. तिथे वर्षाला ३०,००० रुपये मिळतात आणि त्यातून पुस्तके, रसायने, किरकोळ उपकरणे, प्रशिक्षण, प्रवास असे बरेच काही भागवता येते. यूजीसीकडे विज्ञान शाखेसाठी पहिली दोन वर्षे १२,००० आणि पुढे २५,००० रुपये वर्षाला, म्हणजे पाच वर्षांत ९९,००० रुपये. बीईटीचे पाच वर्षांचे दीड लाख होतात. (ज्यांची जेआरएफ सीएसआयआरकडून आहे त्यांना वर्षाला २०,०००, म्हणजे एक लाख.) पहिल्या वर्षीचे बारा हजार किती लवकर संपतात हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला सांगायला नको, प्रायमरच्या दोन मागण्या, एक पॉलिमरेज आणि हातमोज्यांची खोकी यांतच माझे दिवाळीच्या आत संपले होते. शिवाय हा पैसा आधी मिळत नाही. आधी खिशातून खर्च करायचा, मूळ बिले मार्गदर्शकांच्या सहीने कार्यालयात द्यायची आणि मग ती रक्कम खात्यात जमा होण्याची वाट पाहायची. मी पहिल्याच वर्षी बिलांच्या गठ्ठ्यात विद्यापीठाच्या परीक्षा शुल्काची पावती लावली होती, ती लाल शाईने कापून परत आली. परीक्षा शुल्क, फर्निचर आणि संस्थेने स्वतः पुरवायच्या वस्तू यांना कॉन्टिन्जन्सी चालत नाही, हा नियम मला त्या लाल रेघेमुळे पाठ झाला.

असे असूनही मी यूजीसी निवडली, आणि त्याचे कारण म्हणजे पैसा येण्याची वाट.

बीईटीच्या फेलोशिपचा पैसा तेव्हा संस्थेकडे वार्षिक हप्त्याने येत असे आणि संस्था तो दरमहा विद्यार्थ्याला देत असे. पुढचा हप्ता सुटण्यासाठी मागच्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचे विवरण जावे लागे. हे प्रमाणपत्र तुमच्या हातात नसते. ते लेखा विभागाकडून तयार होते, त्यावर तीन-चार सह्या होतात, आणि मार्चअखेरीला त्या विभागात कोणाला वेळ असतो हे वेगळे सांगायला नको. माझ्या खोलीतील मित्राने बीईटी घेतली होती. त्याच्या संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथे दुसऱ्या वर्षी खर्चाच्या विवरणात व्याजाची रक्कम दाखवायची राहिली, कागद परत आला, दुरुस्तीला लागलेल्या दिवसांत सही करणारे अधिकारी बदलले, आणि मित्राला नऊ महिने एक पैसाही मिळाला नाही. त्याच्या हातून काहीही चुकले नव्हते. त्या काळात खोलीचे भाडे मी भरत होतो आणि तो वहीत माझ्या नावापुढे आकडे मांडत होता. सगळी रक्कम एकदम आली तेव्हा त्याने ती वही उघडून माझे पैसे चुकते केले, पण मधल्या नऊ महिन्यांत त्याने मागवायचे राहून गेलेले प्रतिपिंड आणि चुकलेली एक परिषद कुठल्या वहीत मांडणार?

यूजीसीची वाट निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. आमच्या काळात कॅनरा बँकेच्या पोर्टलवर संस्थेला दर महिन्याला माझी हजेरी निश्चित करावी लागे : एक कर्मचारी मेकर म्हणून नोंद करणार, दुसरा चेकर म्हणून ती मान्य करणार, आणि मग रक्कम थेट माझ्या खात्यात येणार. चेकर रजेवर गेले की तो महिना कोरडा जाई. पण त्यात एक सोय होती. अडलेला महिना आठवड्याभरात कळत असे, कोणाच्या टेबलावर अडला आहे तेही कळत असे, आणि जाऊन उभे राहिले की पुढच्या महिन्यात दोन्हींचे पैसे एकत्र येत. दुसऱ्याच्या हिशेबातील चूक माझ्या जेवणापर्यंत पोहोचत नसे.

एकदाच मोठा फटका बसला, तो दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ होताना. त्यासाठी बाहेरील तज्ज्ञासह समितीपुढे कामाचा आढावा द्यावा लागतो आणि समितीचा अहवाल चढेपर्यंत जुन्याच दराने पैसे येत राहतात. आमच्याकडे तज्ज्ञांची तारीख मिळायला सहा महिने लागले. तेव्हा ३१,००० आणि ३५,००० यांतील फरक दरमहा ४,०००, म्हणजे सहा महिन्यांचे २४,०००, शिवाय त्यावरील घरभाडे भत्त्याचा फरक. ही रक्कम नंतर मिळाली. मात्र दोन वर्षे पूर्ण होण्याच्या तीन महिने आधीच समितीची तारीख मागून ठेवावी, असे मी आता धाकट्यांना सांगतो.

कॉन्टिन्जन्सीतील ५१,००० रुपयांचा फरक साठ महिन्यांवर पसरला तर दरमहा ८५० रुपये पडतो. दरमहा खात्यात थेट पैसे यावेत यासाठी ही किंमत मला जास्त वाटली नाही. घरून मदत होऊ शकते, मार्गदर्शकांकडे प्रकल्पाचे पैसे कमी आहेत आणि प्रयोग महागडे आहेत, अशा विद्यार्थ्याचे गणित वेगळे निघू शकते. ज्या राष्ट्रीय संस्थांचा लेखा विभाग अशा फेलोशिप वर्षानुवर्षे हाताळतो आणि हप्ता उशिरा आला तरी स्वतःच्या निधीतून आगाऊ रक्कम देतो, तिथे बीईटी घेण्यात मला धोका दिसत नाही. परंतु विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात जाणार असाल, तर मी आजही यूजीसीच्या बाजूने झुकेन.

देयकांच्या पद्धती आणि पोर्टल बदलत राहतात, म्हणून निवड करण्यापूर्वी त्या संस्थेतील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठावे. प्राचार्यांना किंवा होणाऱ्या मार्गदर्शकांना विचारून उपयोग नाही, त्यांना हे ठाऊक नसते. गेल्या बारा महिन्यांत किती वेळा पैसे आले, आणि मागच्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या महिन्यात गेले, हे दोनच प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऑगस्टच्या पुढचे आले, तर बीईटीचे पत्र मी तरी फाईलमध्येच ठेवीन.