वेळेत पैसे भरले, तरी ₹३,९६०.७३ लागले : क्रेडिट कार्डाचा ‘मिनिमम ड्यू’

बिल तारखेच्या आत भरलं होतं. हे आधीच सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो आणि मग ‘तुम्हीच चुकलात’ असा चेहरा करतो.

हिशेब बघा. १८ मार्चला कार्डावर ₹५०,०००ची खरेदी. १५ एप्रिलला बिल, भरायची शेवटची तारीख ५ मे. बिलावर ठळक अक्षरात ‘किमान देय रक्कम ₹२,५००’. ॲपमध्येही आधीपासून तोच पर्याय निवडलेला. ५ मेला ₹२,५०० भरले. ८ मेला आणखी ₹६,०००ची खरेदी झाली.

१५ मेच्या बिलात व्याज ₹३,३५६.५५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ₹६०४.१८. म्हणजे भरले अडीच हजार आणि चढले ₹३,९६०.७३!

हे कसं झालं? दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. पण व्याज ५ मेपासून सुरू होत नाही, ते मागे जाऊन १८ मार्चपासून लागतं. बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला. एक रुपया जरी मागे ठेवला तरी मुदत गेली. म्हणून पूर्ण ₹५०,०००वर ४८ दिवसांचे ₹२,७६१.६४, उरलेल्या ₹४७,५००वर पुढच्या १० दिवसांचे ₹५४६.५८. आणि ८ मेच्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून, ₹४८.३३. जुनी बाकी असताना नव्या खरेदीलाही सवलत नाही. त्यामुळे बाकी फिटेपर्यंत ते कार्ड खिशातून काढायचंच नाही, रोजची खरेदी रोख किंवा डेबिट कार्डाने करा.

डोळे उघडायला हवे होते ते त्या ‘किमान’ शब्दापाशी. पण किमान रक्कम भरल्याने वाचते फक्त लेट फी, आणि ‘थकबाकीदार’ हा शिक्का बसत नाही. व्याज वाचत नाही. कोणता शहाणा माणूस ‘इतके भरा’ हे वाचून ‘इतकेच भराल तर दोन महिन्यांमागचं व्याज घेऊ’ असा अर्थ काढेल? बिलाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात सूचना असते म्हणे. असते. पण बटण मोठं असतं.

संताप आणणारा भाग पुढेच. ५ जूनला सगळे ₹५७,४६०.७३ भरून टाकले. तरी १५ जूनच्या बिलात ₹१,५२५.४९! बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या २१ दिवसांचं ₹५३,५००वरचं व्याज, अधिक जीएसटी. ‘सगळं फेडलं’ समजून ते बिल उघडलंच नाही की त्यावर लेट फी. हे टाळायचं तर बाकी फेडताना बिलाचा आकडा धरू नका. ‘आजच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह एकूण किती’ हे बँकेकडून लेखी घ्या आणि तेवढे भरा.

ऑटो-डेबिट लावलंय ना? आत्ता उघडून बघा, ‘मिनिमम’वर आहे की ‘टोटल’वर. टोटलच हवं, आणि त्या दिवशी खात्यात तेवढे पैसे हवेत. डेबिट परत गेलं तर त्याचा दंड वेगळा.

लेट फीबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे, तो पाठ करा : शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच ती लावता येते, आणि तीही तारखेनंतर उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. दुसऱ्याच दिवशी लावली असेल तर भांडून परत घ्या.

कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, बस. तिथे फी वेगळी आणि व्याज काढल्या क्षणापासून. पूर्ण बिल भरलंत तरी.

आता तक्रारीचं. कॉल सेंटरवाली मुलगी म्हणते, ‘सर, सिस्टीम जनरेटेड आहे.’ तिचा दोष नाही, पण मग दोष कोणाचा? बँकेत तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडून उत्तर आलं, ‘अटी व शर्तींनुसार आकारणी योग्य.’ हिशेब मागितला तर पुन्हा त्याच अटींची बारा पानी पीडीएफ! किती दिवस, किती रकमेवर, एवढं दोन ओळींत लिहायला कोणी तयार नाही. बिलात व्याजाचा एकच आकडा, फोड नाही. वरचं गणित कागद-पेन घेऊन करावं लागलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र अटींत बसणारं व्याज तिथे परत मिळेल अशी आशा धरू नका. तिथे चुकीच्या आकारणीची तक्रारच टिकते. सोबत बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या जोडा.

कार्ड बंद करायचं असेल तर मागणी लेखीच द्या, फोनवर नको. बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं. त्यापुढे दिवसाला ₹५०० दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. तो आपणहून देतील असं समजू नका, मागा.