शिफारसपत्रासाठी भेट: मेलवर मागावी की स्टाफरूममध्ये गाठावं?

समजा कालिनाला एमएस्सी करताय आणि अमेरिकेतल्या अर्जाची मुदत 15 डिसेंबर आहे. ज्यांचं शिफारसपत्र हवं त्या मॅडमना विचारायचं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यानंतर त्या पेपर तपासणीत अडकतात.

लेक्चर संपल्यावर गाठलं तर उत्तर लगेच मिळतं, चेहराही वाचता येतो. "बघू या" म्हणाल्या तर दुसरं नाव शोधायला वेळ उरतो. पण दारात उभ्याने दिलेला होकार मुदतीसकट विसरला जातो, आणि हातात दिलेले कागद टेबलावरच्या गठ्ठ्यात जातात.

मेलमध्ये हे सगळं लेखी राहतं. विषयाच्या ओळीतच मुदत घाला: "शिफारसपत्राबाबत 15 मिनिटांची भेट, मुदत 15 डिसेंबर". आत दोन-तीन सोयीच्या वेळा सुचवा. सोबत गुणपत्रिका, सीव्ही, एसओपीचा कच्चा मसुदा आणि विद्यापीठांची मुदतवार यादी एकाच पीडीएफमध्ये जोडा. सर्वांत उपयोगी पडतं ते अर्धं पान: त्यांच्याकडे कोणता प्रकल्प केला, त्यात तुमचं काम नेमकं काय होतं. ते नसेल तर पत्र "मेहनती विद्यार्थी" छापाचं होतं.

मेलची खोट एकच, तो न वाचता पडून राहतो. म्हणून आधी मेल, चार दिवसांत उत्तर नाही आलं तर स्टाफरूम. तिथे फक्त "मॅडम, मेल पाठवलाय, कधी येऊ?" एवढंच विचारा.

अर्जाच्या पोर्टलवर मॅडमचा कॉलेजचा अधिकृत ईमेल द्या. पत्र अपलोड करायची लिंक तिथेच जाते, कधीकधी स्पॅममध्ये. भेटीतच ती तपासायला सांगून ठेवा.