मूळ चाल ठेवायची की अभंगात बांधायचं?

परभाषेतलं भक्तिगीत मराठीत गायचं असेल, तर दोन रस्ते आहेत. चाल तीच ठेवून शब्द तिच्यात बसवायचे, किंवा अर्थ उचलून आपल्या छंदात नवं पद बांधायचं. नुसतं वाचायला हवं असेल तर सरळ गद्यात उतरवा, प्रश्नच मिटला.

जॉन न्यूटनचं, १७७९ साली छापलेलं ‘अमेझिंग ग्रेस’ घेऊ. ओळींत अनुक्रमे ८, ६, ८, ६ अक्षरं. आज सर्वांना माहीत असलेली चाल तीन मात्रांच्या ठेक्यात चालते: एक मात्रा आखूड, दोन लांब, पुन्हा आखूड, पुन्हा लांब. म्हणजे लघु-गुरु, लघु-गुरु. आठ अक्षरांची ओळ म्हणजे चक्क आपलं प्रमाणिका वृत्त आहे!

म्हणून नुसती अक्षरं मोजून भागत नाही. ‘देवा तुझी कृपा थोर’ यात अक्षरं बरोबर आठ. पण गाऊन पाहा. ‘दे’ एका मात्रेत चेपला जातो आणि शेवटचा ‘र’ दोन मात्रा लोंबकळतो. बोलताना तो ‘र’ आपण धड उच्चारतही नाही. त्याऐवजी

कृपा तुझी किती भली
तिनेच तारिले

हे पहिल्याच फटक्यात गळ्यात बसतं. किंमत मात्र मोजावी लागली. मुळातला ‘माझ्यासारखा पापी’ गेला, आणि ते गीत उभं आहे त्याच कबुलीवर. सहा अक्षरांत ‘पतित’ घालायला गेलं, तर सुरुवातीला ‘प, ति’ हे दोन लघु येतात आणि ‘ति’वर लांब सूर ओढावा लागतो.

आता मोठा अभंग: सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत.

पतित मी होतो । वाट चुकलेला ।
कृपेने तारिला । देवा तुझ्या ॥

इथे लघु-गुरूचा जाच नाही, म्हणून पतितही आला आणि वाट चुकणंही. पण मुळातली २८ अक्षरं इथे २२ झाली. आंधळ्याला दृष्टी आली, ते पुढच्या कडव्यात न्यावं लागेल. शिवाय मूळ चाल सुटली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपली ख्रिस्ती पदं ओवी-अभंगाच्या घाटात रचली, तेव्हा ती टाळ-मृदंगावर सहज चढली.

मग निवड कशी करावी? वेगवेगळ्या भाषांची माणसं एकाच वेळी, आपापल्या शब्दांत तेच गीत गाणार असतील, तर चालीला धरा; अभंग तिथे उपयोगाचा नाही. एरवी माझं मत अभंगाकडे झुकतं. चालीत शब्द बसवताना ‘च’, ‘हो’, ‘रे’ अशी भरतीची अक्षरं फार लवकर शिरतात (वरचा ‘तिनेच’ मधला ‘च’ तसाच आलाय). एका कडव्यात असा एखादा चालतो. तीन झाले की ओळ फाडून पुन्हा लिहा, नाहीतर ते कडवं अभंगात टाका.