टॉवरच्या भाड्यासाठी आधी पैसे मागितले तर समजून जा

मोहोळ तालुक्यात आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, पाच एकर जिरायत आहे. रस्त्याकडेच्या माळाच्या तुकड्यात ज्वारीसुद्धा धड येत नाही. त्याच तुकड्यावर मोबाईल टॉवर बसवून देतो म्हणून त्यांच्याकडून 39,150 रुपये काढून घेतले. सोलापूर जिल्ह्यात अशी पडीक जमीन पुष्कळांकडे आहे, आणि हा मेसेज कुणालाही येऊ शकतो. म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय.

मेसेजमध्ये महिना 35 हजार भाडं, 30 लाख ॲडव्हान्स आणि घरातल्या एकाला टॉवरवर वॉचमनची नोकरी, असं होतं. फोन केल्यावर पलीकडच्या माणसाने सातबारा, आठ अ, आधार, पासबुक आणि जागेचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "आण्णासाहेब, सॅटेलाईट सर्व्हेत तुमचा गट नंबर पास झाला."

खरी कंपनी असं कधी करत नाही. टॉवर कुठे हवा हे नेटवर्क कुठे कमी पडतंय त्यावरून ठरतं. कंपनीची माणसं आधी येऊन जागा बघतात आणि मग मालकाला विचारतात. अर्ज केला म्हणून कुणाच्या शेतात टॉवर येत नाही.

मग एक पत्र आलं. वर एका नामांकित कंपनीचा लोगो, बाजूला अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का आणि 'ट्रायची एनओसी मंजूर' अशी ओळ. आण्णांचं नाव आणि गट नंबर अगदी बरोबर. बरोबर असणारच, सातबारा त्यांनीच पाठवला होता. पण ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, टॉवरच्या जागेसाठी कसलीही एनओसी देत नाही. आपण यात कुठेच नाही, असं ट्रायने स्वतः जाहीर केलेलं आहे. दूरसंचार विभागही जमीनमालकाकडून फी घेत नाही. तेव्हा पत्रावर ट्रायची मंजुरी दिसली की ते पत्र खोटं, एवढं धरून चाला.

पैसे हप्त्याहप्त्याने गेले. आधी रजिस्ट्रेशनचे 1,850. ही रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, कारण एकदा पैसे भरले की माणूस मागे फिरत नाही. मग ॲग्रीमेंट आणि स्टॅम्पचे 12,500. मग एनओसीचे 24,800, तेही "ॲडव्हान्समध्ये परत मिळतील" या बोलीवर. प्रत्येक वेळी खातं कुणातरी माणसाच्या नावाचं, साधं बचत खातं. कंपनीच्या नावाचं एकदाही नव्हतं.

शेवटी 30 लाखांच्या चेकचा फोटो आला. चेक तयार आहे, फक्त एक टक्का टीडीएस, म्हणजे 30 हजार, आधी भरा. आण्णा ते पैसे उसने मागायला निघाले होते. माझी बहीण सोलापुरात कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. तिने ऐकलं आणि तिथेच थांबवलं. "आण्णा, टीडीएस पैसे देणारा कापून घेतो, घेणाऱ्याने आधी भरायचा नसतो. 30 लाख द्यायचे असतील तर त्यांनी कर कापून उरलेले द्यावेत." आण्णांनी फोनवर नेमकं हेच सांगितलं, "तुमचे तीस हजार त्यातनंच कापून घ्या." पलीकडून आधी आरडाओरडा, मग फाईल रद्द करायची धमकी, आणि संध्याकाळी नंबर बंद.

खऱ्या व्यवहारात पैसा उलट दिशेने येतो. कंपनी मालकाला भाडं देते, परवानगीचा अर्ज आणि त्याची फी कंपनीच भरते, भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो. टॉवर उभारणाऱ्या कंपन्यांची दूरसंचार विभागाकडे नोंदणी असते आणि ती यादी विभागाच्या वेबसाईटवर बघता येते. पण यादीत नाव आहे म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. हे लोक नाव खऱ्याच कंपनीचं वापरतात. यादीतली कंपनी असली तर तिच्या अधिकृत वेबसाईटवरच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा.

त्याच संध्याकाळी आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार नंबर, तारीख आणि ज्या खात्यात पैसे गेले ते खातं लागतं, म्हणून मेसेज डिलीट करू नका. पैसे खात्यातून काढून घ्यायच्या आत तक्रार गेली तरच बँकेला ते अडवता येतात. आण्णांचा शेवटचा हप्ता आदल्याच दिवशीचा होता. त्यातले 8,300 अडकवून ठेवता आले, बाकीचे निघून गेले होते. अडकलेली रक्कमही लगेच हातात येत नाही.

नंतर आणखी एक फोन आला. "तुमचे टॉवरचे पैसे रिफंड विभागाकडे आलेत, प्रोसेसिंगचे 2,200 भरा." ज्यांचे पैसे गेलेत त्यांना हा फोन येतोच असं समजा, कारण तुमचा नंबर आणि गेलेली रक्कम त्यांना माहीत असते. या वेळी आण्णांनी एक रुपया दिला नाही. तो नंबर आम्ही दूरसंचार विभागाच्या संचार साथी वेबसाईटवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेवर नोंदवला. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल, तर तक्रार तिथे करायची.