विकतचं गोल्फ रेटिंग: बेरीज केली तेव्हा लबाडी उघडी पडली

गोल्फच्या सट्ट्यासाठी खेळाडूंचं रेटिंग आणि त्यावरून काढलेले 'खरे भाव' विकणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण तोच तक्ता तो अजूनही विकतोय, म्हणून हे लिहितोय.

त्याचं म्हणणं होतं की प्रत्येक रेटिंग 'फील्डच्या ताकदीनुसार दुरुस्त केलेलं' आहे, म्हणजे स्पर्धेतले बाकीचे खेळाडू किती तगडे हे त्यात धरलेलं आहे. तसं ते अजिबात नव्हतं. दुय्यम टूरवरचा एक गोल्फर त्याच्या तक्त्यात दर फेरीला सरासरीपेक्षा 1.5 स्ट्रोक सरस होता आणि मुख्य टूरवरचा दुसरा 0.9. म्हणजे पहिला 0.6 ने पुढे, चार फेऱ्यांत 2.4 स्ट्रोक. एका फेरीतला चढउतार साधारण 2.75 स्ट्रोकचा धरला, तर चार फेऱ्यांनंतर दोघांतल्या फरकाचा चढउतार 7.8 च्या आसपास जातो. त्या हिशेबाने दोघांपैकी पहिला पुढे राहण्याची शक्यता 62 टक्के, भाव 1.61. बाजारात 2.10 मिळत होता, त्यामुळे सौदा सोन्यासारखा दिसायचा.

पण ते 1.5 कोणाच्या तुलनेत? दोन्ही टूरवर खेळलेले गोल्फर शोधून त्यांचे आकडे शेजारी ठेवले, तर दुय्यम फील्ड दर फेरीला सुमारे एका स्ट्रोकने कमजोर निघालं. म्हणजे पहिल्याचं खरं रेटिंग 0.5. आता तोच 0.4 ने मागे, शक्यता 42 टक्के आणि रास्त भाव 2.38. 2.10 ला घेणं म्हणजे उघड तोटा.

मी विचारलं तर उत्तर आलं, "स्ट्रोक तो स्ट्रोक, कुठेही मारला तरी." त्यानंतर उत्तरं बंद.

टॉप टेनचा तक्ता तपासायला तर रेटिंगचीही गरज नाही. स्पर्धेतल्या सगळ्यांच्या टॉप टेन शक्यता एकत्र करा. बरोबरीच्या जागा वाटून धरल्या, तर बेरीज 10 यायला हवी, कारण जागाच दहा. त्याची बेरीज 13 च्या वर गेली. कमजोर फील्डमधून आलेल्यांचे आकडे फुगवले होते, पण त्यांनी व्यापलेल्या जागा बाकीच्यांकडून वजाच केल्या नव्हत्या.

सर्वांत संतापजनक होती त्याची नफ्याची नोंद. टॉप टेनला 'डेड हीट'चा नियम लागतो. चौघे नवव्या स्थानावर बरोबरीत आले, तर उरलेल्या जागा दोन, म्हणून तुमच्या रकमेचा अर्धाच भाग जिंकतो. 5.00 च्या भावाला 100 लावले तर हातात 250 येतात. तो सरसकट 500 लिहायचा. गोल्फमध्ये दहाव्या जागेभोवती बरोबरी नेहमीचीच, त्यामुळे असे निकाल त्याच्या यादीत ठिकठिकाणी होते. गुणफलकावरचं स्थान आणि त्याने लिहिलेली रक्कम ताडून पाहिली की ते लगेच दिसतं. कोणी अशी नोंद दाखवली तर T8, T9, T10 असे बरोबरीचे निकाल आधी उघडा.