पाणी घालायच्या आधी विचारा: फ्रीजची बाटली, बाहेरची बाटली की विरघळणारी गोळी?

चैत्र सुरू झाला की आमच्या राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये एक प्रश्न हमखास येतो: मुलांचं पावडरचं अँटिबायोटिक सिरप पाणी घालून बनवल्यावर फ्रीजशिवाय कसं टिकवायचं? परवा शुक्रवारी संध्याकाळी एक दादा दोन चिठ्ठ्या घेऊन आले. धाकट्याला कानाचं इन्फेक्शन, थोरलीला घशाचं. रविवारी सगळे राधानगरीकडं गावाला जाणार, बुधवारी परत. मी बाटल्या काढायला वळले तेवढ्यात म्हणाले, "ताई, सगळ्या आत्ताच बनवून द्या. गावाकडं फ्रीज न्हाई, पण माठाजवळ ठेवतो."

बरं झालं बोलले. पावडरच्या बाटलीत पाणी पडलं की तिचं घड्याळ सुरू होतं आणि ते मागं फिरवता येत नाही. कोरी बाटली मात्र खोलीत, तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत टिकते. त्यामुळे निवड करायची ती पाणी घालण्याआधीच.

त्या दोन चिठ्ठ्यांवर दोन अगदी उलट स्वभावाची औषधं होती. धाकट्याला अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड एकत्र असलेलं ड्राय सिरप, थोरलीला क्लॅरिथ्रोमायसिनचं. पहिलं बनवल्यावर फ्रीजमध्येच ठेवायचं आणि ७ दिवसांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. दुसरं फ्रीजमध्ये ठेवायचंच नाही, ते बाहेर साधारण १४ दिवस चालतं. घरात दोन्ही बाटल्या एकाच वेळी असल्या की आजी मायेनं दोन्ही फ्रीजमध्ये ठेवतात, हे मी कितीदा पाहिलंय.

असं उलट का?

पहिल्या बाटलीतला नाजूक घटक क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. काही जंतू अमॉक्सिसिलिन फोडणारं एन्झाइम तयार करतात, त्या एन्झाइमला हे अडवून धरतं. पण पाण्यात ते स्वतःच हळूहळू तुटत जातं आणि उष्णता वाढली की तुटण्याचा वेग वाढतो. २ ते ८ अंशांत ते ७ दिवस पुरेसं टिकतं. एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या खोलीत, जिथं दुपारी पारा चाळिशीच्या जवळ जातो, तिथं ते तेवढं टिकत नाही. बाटलीत नुसतं अमॉक्सिसिलिन उरलं, तर डॉक्टरांनी जोडऔषध लिहिण्याचं कारणच संपतं. चवीवरून हे कळत नाही. रंगावरून थोडं कळतं: पांढरट द्रव पिवळट, मग तपकिरीकडं झुकू लागला तर ती बाटली मोडीत काढायची. रंग ठीक आहे म्हणून ती चांगलीच आहे, असं मात्र समजू नये. तारीख उलटली की रंग काहीही असो.

क्लॅरिथ्रोमायसिनचं प्रकरण वेगळं. ते कडू असतं, म्हणून त्याच्या बारीक दाण्यांवर आवरण चढवलेलं असतं. फ्रीजच्या गारव्यात हे सिरप घट्ट होतं, नीट ओतता येत नाही आणि चवही बिघडते. म्हणून बाहेर, सावलीत. तोंडात दाणे लागतात ते औषधाचेच आहेत, ते चावू देऊ नका.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात: अ‍ॅझिथ्रोमायसिन आपल्याकडं बहुधा तयार, पातळ अशाच छोट्या बाटलीत मिळतं, पाणी घालावं लागत नाही आणि फ्रीजही लागत नाही. सेफिक्झिमच्या ड्राय सिरपचे दिवस कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून शेजारच्या वहिनींचा अनुभव नको, लेबलच वाचा. तसंही कोणतं औषध घ्यायचं हे डॉक्टर ठरवतात. ते कोणत्या रूपात घ्यायचं, हे मात्र तुम्ही विचारू शकता.

हलवणं

यात दोन्ही बाटल्यांचा नियम एकच, आणि चूकही एकच. अमॉक्सिसिलिन पाण्यात फारच कमी विरघळतं, बहुतेक भाग पांढऱ्या गाळासारखा तरंगत किंवा खाली बसलेला असतो. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड मात्र विरघळलेलं असतं. म्हणजे न हलवता वरचं पाजलं, तर बाळाला दुसरा घटक मिळतो आणि मुख्य औषध बरंचसं तळाशी राहतं. आमच्याच घरात भाच्याला पहिले दोन दिवस असंच पाजलं गेलं. शेवटचे दोन डोस चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखे निघाले, तेव्हा कुठं लक्षात आलं.

रात्रभर फ्रीजमध्ये उभी राहिलेली बाटली उजेडात धरून पाहा. तळाशी पांढरी वडी दिसेल. बाटली उलटी करून हलवा आणि ती वडी काचेवरून सुटून पूर्ण फिरेपर्यंत थांबू नका, दहा-पंधरा सेकंद तरी. मग लगेच माप घेऊ नका. फेस खाली बसू द्या, नाहीतर सिरिंजमध्ये औषधाच्या जागी हवा येते. घरातला चहाचा चमचा मापाला वापरू नका, बाटलीबरोबरचं टोपण किंवा सिरिंजच घ्या.

बनवतानाही फेसच फसवतो. आधी कोरी बाटली ठोकून पावडर मोकळी करायची, औषधाच्या खोक्यात आलेलं निर्जंतुक पाणी किंवा उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मगच खुणेपर्यंत भरायचं. फेसाची पातळी खूण समजून थांबलात तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस जास्त कडक होतो. आमच्याकडं पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो की कधी पावडर आधीच गठ्ठा झालेली सापडते. अशी बाटली घेऊ नका, बदलून मागा.

धाकट्याचा हिशेब

चिठ्ठीवर होतं २२८.५ मि.ग्रॅ. प्रति ५ मि.ली. ताकदीचं सिरप, ५ मि.ली. दिवसातून दोनदा, ७ दिवस. म्हणजे १४ डोस, ७० मि.ली. बाटली ३० मि.ली.ची, म्हणून तीन बाटल्या.

पहिला मार्ग, दादांचा: तिन्ही शुक्रवारी रात्री बनवायच्या. एका बाटलीत ६ डोस. पहिली शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत, दुसरी सोमवार रात्रीपासून गुरुवार सकाळपर्यंत. तिसरी गुरुवारी रात्री उघडणार, तोवर तिला सहा दिवस झालेले. फ्रीजमध्ये असती तर ७ दिवसांच्या आत कशीबशी बसली असती. पण मध्ये रविवार ते बुधवार ती माठाजवळ. माठ हाताला गार लागतो, पण तो ८ अंशांपर्यंत पोचत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीचंही तेच. हा मार्ग मी सरळ खोडला.

दुसरा मार्ग: एक-एक बाटली लागेल तेव्हा बनवायची, बाकीच्या कोऱ्या न्यायच्या. घरी राहणाऱ्यांसाठी मी हाच सुचवते. बाटलीवर बॉलपेननं दिवस आणि वेळ लिहायची: शुक्रवारी रात्री ८ ला बनवली तर पुढच्या शुक्रवारी रात्री ८ ला सात दिवस पूर्ण, त्यानंतर एकही डोस नाही. फ्रीजच्या दारात नको, तिथं उघडझाक होऊन गरम हवा लागते. फ्रीजरखालच्या ट्रेमध्येही नको, गोठलेली बाटली वाया जाते. मधला कप्पा बरा. लाइट गेली तर दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. प्रवास काही तासांचाच असेल तर जेल पॅक टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी बाटली ठेवावी, बर्फाला थेट लावू नये. पण चार दिवस फ्रीजशिवाय हे चालवणं अवघड. बाटली रात्रभर बाहेर राहिली असेल तर निभेल म्हणून पाजत राहू नका. आधी फार्मासिस्टला विचारा. मी तरी नवीन बाटली घ्यायला सांगते.

तिसरा मार्ग: त्याच औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी. याच ताकदीची, २२८.५ ची, मुलांसाठीची गोळी मिळते, आणि धाकट्याचा डोस नेमका एका गोळीइतका होता. एका डोसला एक, चौदा डोसला चौदा गोळ्या. फ्रीज नको, बाटली नको, हलवणं नको. गोळी फॉइलमधून त्याच वेळी काढायची, चमचाभर गार पाण्यात विरघळवायची आणि लगेच सगळं पाजायचं, वाटीच्या तळाशी राहिलेलं थोडं पाणी घालून तेही. पट्टी मात्र ओलाव्यापासून जपायची, पाण्याच्या हंड्याजवळची फळी तिच्यासाठी नाही.

मग सगळ्यांनी गोळीच का घेऊ नये? कारण तिचं माप बदलत नाही. डॉक्टरांनी ३.५ मि.ली. लिहिलं असेल तर गोळीचे तुकडे करून ते नेमकं साधत नाही. तान्ह्या बाळासाठी सिरिंज आणि सिरपच बरं. शिवाय चव. काही मुलं पहिल्याच घोटाला थुंकतात, आणि मग तो डोस किती पोटात गेला ते कुणालाच सांगता येत नाही. पूर्ण गोळीचा डोस, मूल थोडं मोठं आणि फ्रीजची खात्री नाही, असं असेल तर माझं मत गोळीकडं. बाकी वेळी सिरप, एकेक बाटली बनवून.

चिठ्ठीवर सिरप होतं, म्हणून बदल मी परस्पर केला नाही. दादांनी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी "गोळी चालेल, दर वेळी एक, सातच दिवस" असं सांगून चिठ्ठीचा नवा फोटो पाठवला. थोरलीचं क्लॅरिथ्रोमायसिन तसंच दिलं, बनवून. त्याला गावच्या घरात, चुलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवलं की पुरे. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: फ्रीज नको.

उरलेलं

दुसऱ्या मार्गानं गेलात तर तिसऱ्या बाटलीत २० मि.ली. उरतात, कारण तिच्यातले दोनच डोस लागतात. नेमकी हीच बाटली "पुढच्या सर्दीला" म्हणून फ्रीजमध्ये राहते. मागच्या महिन्यात एक मावशी अशीच तीन आठवड्यांची बाटली घेऊन आल्या होत्या, आतलं पाणी गुळाच्या चहासारखं झालं होतं. कोर्स संपला की उरलेलं त्याच दिवशी टाका, सात दिवस व्हायची वाट पाहायची गरज नाही. आणि कोर्स सातव्या दिवसाच्या पुढं असेल, तर जुनीवर ओढायचं नाही, नवीन कोरी बाटली आणायची.

सिंकमध्ये ओतू नका. आपली गटारं नाल्यांतून पंचगंगेकडंच जातात, आणि नदीत पडलेल्या अँटिबायोटिकमुळे तिथले जंतू त्या औषधाला सरावतात. उरलेलं वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा राखेत मुरवा, पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीत टाका. बाटलीचं लेबल खरवडायला विसरू नका, नाहीतर भंगारातून कुणीतरी बाटली चांगली म्हणून उचलतं.

दादा निघताना म्हणाले, "मग माठाला काय काम नाही म्हणा." मी म्हटलं, "हाय की. गोळी विरघळवायला पाणी त्यातलंच घ्या, पण उकळून गार केलेलं असू द्या."